जॉब कॉस्ट शीट क्र. ४७ : ४० शाफ्ट, आणि सोबत १,८०,००० रुपयांचा हिशेब

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
९ एप्रिल २०२५

अण्णा,

साखर कारखान्याच्या ४० शाफ्टची कॉस्ट शीट तयार झाली. परवा तुम्ही विचारलंत, "वर्षभरात ओव्हरहेड एक लाख ऐंशी हजारांनी कमी वसूल झालाय म्हणता, मग तो या कारखान्याच्या पुढच्या ऑर्डरवर का टाकायचा नाही?" त्याचंही उत्तर याच कागदात आहे. आधी शीट बघा.

जॉब क्र. ४७
माल : ईएन-८ शाफ्ट, तयार माप ५० मिमी व्यास × ६०० मिमी लांबी, की-वे आणि टोकाला टॅप
नग : ४० (कापलेले ४२)
ऑर्डर : १८ फेब्रुवारी २०२५, माल पोच : २२ मार्च २०२५
भाव : नगाला १,९०० रुपये, जीएसटी वेगळा

| तपशील | रुपये | एकूण रुपये |
|---|---|---|
| ईएन-८ बार ५६ मिमी, ४९८ किलो × ७२ | ३५,८५६ | |
| आणण्याचं भाडं | ७०० | |
| वजा : टर्निंग स्क्रॅप आणि २ बाद नग, १२८ किलो × ३० | (३,८४०) | |
| निव्वळ माल | | ३२,७१६ |
| लेथ ४४ तास × ९५ | ४,१८० | |
| मिलिंग १६ तास × ९० | १,४४० | |
| ड्रिलिंग-टॅपिंग ६ तास × ९० | ५४० | |
| फिटर, बर काढणं, तपासणी १० तास × ८० | ८०० | |
| थेट मजुरी | | ६,९६० |
| इंडक्शन हार्डनिंग, बाहेरून, ४० × ८५ | ३,४०० | |
| ग्राइंडिंग, बाहेरून, ४० × १४० | ५,६०० | |
| टेम्पो जाऊन-येऊन | ९०० | |
| की-वेसाठी खास घेतलेला कटर | १,१५० | |
| थेट खर्च | | ११,०५० |
| प्राइम कॉस्ट | | ५०,७२६ |
| कारखाना ओव्हरहेड, ६६ मशीन तास × २०० | | १३,२०० |
| वर्क्स कॉस्ट | | ६३,९२६ |
| ऑफिस आणि विक्री ओव्हरहेड, वर्क्स कॉस्टच्या ८% | | ५,११४ |
| पॅकिंग | | ६०० |
| एकूण कॉस्ट | | ६९,६४० |
| विक्री, ४० × १,९०० | | ७६,००० |
| नफा | | ६,३६० |

नगाला कॉस्ट १,७४१ आणि नफा १५९, म्हणजे विक्रीवर साधारण ८.४ टक्के.

मालाचं वजन मी काट्याच्या पावतीवरून घेतलंय, पण नेहमीच्या हिशेबानेही ते पडताळलं. ५६ चा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला १९.३६ किलो. ६१० मिमीच्या तुकड्याला ११.८१ किलो आणि ४२ तुकड्यांना ४९६. काट्यावर ४९८ भरलं. दोन किलोंवरून मी भांडणार नाही. दोन नग बाद झाले, एक लेथवर मापाखाली गेला आणि एक की-वेला. ते गृहीत धरूनच ४२ कापले होते, त्यामुळे त्यांची कॉस्ट चांगल्या ४० वरच बसली. जीएसटी धरलेला नाही, कारण खरेदीवरचा आपल्याला परत मिळतो.

दोनशे रुपये आले कुठून

मार्च २०२४ मध्ये आपण २०२४-२५ चा कारखाना ओव्हरहेड असा धरला होता : शेडचं भाडं ४,२०,०००, वीज ३,१२,०००, सुपरवायझर २,६४,०००, घसारा २,४०,०००, इन्सर्ट-कूलंट-ऑइल १,८०,०००, हेल्पर १,६८,०००, दुरुस्ती ९६,०००. एकूण १६,८०,०००. पाच मशीन, दिवसाला आठ तास, तीनशे दिवस म्हणजे १२,००० तास. सेटिंग, कामाची वाट बघणं आणि सुट्ट्या जाऊन ७० टक्के धरले, म्हणून ८,४०० तास. भागाकार केला की तासाला २००.

याआधी तुम्ही मजुरीवर दीडशे टक्के लावत होता. त्या पद्धतीने या जॉबवर ओव्हरहेड १०,४४० बसला असता, म्हणजे २,७६० ने कमी. मग नफा ९,३४१ दिसला असता आणि तुम्ही खूश झाला असता. पण शेडचं भाडं आणि घसारा फिटरच्या पगाराप्रमाणे वाढत-घटत नाही, जॉबचा त्यातला वाटा मशीन किती वेळ अडकलं त्यावर ठरतो. या जॉबमध्ये ६६ तास मशीनचे आणि हाताचे फक्त १०. असल्या जॉबला मजुरीची टक्केवारी स्वस्त दाखवते आणि फॅब्रिकेशनसारख्या हाताच्या कामाला महाग. गेल्या दोन वर्षांत वेल्डिंगची कोटेशनं पडत होती आणि लेथची सगळी आपल्याला मिळत होती, त्याचं एक कारण हेच असावं असं मला वाटतं.

आता ते १,८०,०००

वर्ष संपलं तेव्हा खरा खर्च १७,१०,००० निघाला आणि मशीन प्रत्यक्षात ७,६५० तास चालली. जॉबांवर वसूल झाले ७,६५० × २०० = १५,३०,०००. फरक १,८०,०००. हीच कमी वसुली. हे पैसे कुठे चोरीला गेलेले नाहीत, ते आपण खर्च केले, पण कुठल्याच जॉबच्या शीटवर बसले नाहीत.

यातले ३०,००० खर्च वाढल्याचे आणि दीड लाख तास कमी भरल्याचे (७५० × २००). तुमच्या डोक्यात "खर्च वाढला" हेच बसलंय, पण खर्चाचा वाटा सहावा हिस्सा आहे. जास्त खोलात गेलो तर :

मोठ्या लेथचं हेडस्टॉक बेअरिंग ऑगस्टमध्ये गेलं. ७ सप्टेंबरला गणपती बसले तरी बेअरिंग आलं नव्हतं. मशीन बंद राहिल्याचे २६० तास, म्हणजे ५२,०००. त्याच्या दुरुस्तीचं जादा बिल १८,०००. उरलेले ४९० तास कामच नव्हतं म्हणून गेले, ते ९८,०००. आणि वीजबिल अंदाजापेक्षा १२,००० जास्त.

बेअरिंगचे ७०,००० कुठल्याही गिऱ्हाइकाच्या कॉस्टमध्ये जाऊ नयेत. ऑगस्टमध्ये लेथ बिघडला म्हणून फेब्रुवारीत आलेल्या शाफ्टची कॉस्ट वाढत नाही. ते थेट नफा-तोट्यात. काम नव्हतं त्याचे ९८,००० सुद्धा मी तिकडेच टाकतोय. राहिले वीजबिलाचे १२,०००. ती साधी भाववाढ आहे, ती सगळ्या ७,६५० तासांवर पसरली तर तासाला १ रुपया ५७ पैसे येतात. या जॉबवर त्याचे १०४ रुपये. शीटमध्ये मी ते धरले नाहीत, पण धरायचेच असतील तर त्यावरचे ८% धरून नफा ६,२४८ होईल.

सगळे १,८०,००० तासांवर पसरले असते तर दर २२३.५३ झाला असता आणि याच जॉबचा नफा साधारण ४,६८० वर आला असता. काम तेच, माल तोच, टर्नर तोच. बदललं काय? बंद पडलेल्या लेथचा भार चालू लेथच्या अंगावर आला.

पुढची ६० नगांची ऑर्डर

तुम्ही २,०५० मागायचं म्हणताय. कारखान्याला दुसरीकडे १,९५० च्या आसपास मिळालं तर ते उठून जातील. ऑफ-सीझनची दुरुस्ती सुरू आहे, या दिवसांत ते चार ठिकाणी विचारतात. ऑर्डर गेली की तास आणखी कमी, कमी वसुली आणखी मोठी, पुढच्या वर्षी दर आणखी वर. तो जिना खाली उतरतो.

आता ऑर्डर गेली तर नेमकं काय जातं ते बघा. दोनशे रुपयांतले खरोखर कामाबरोबर वाढणारे म्हणजे वीज आणि इन्सर्ट-कूलंट, मिळून तासाला साधारण ५९. या ४० नगांसाठी माल, मजुरी, बाहेरची कामं, पॅकिंग आणि हे ६६ × ५९ मिळून ५५,२२० खर्च होतात, नगाला १,३८१. ७६,००० वर २०,७८० रुपये भाडं-घसारा-सुपरवायझरच्या दिशेने आले. आणि मजुरी तर मशीन बंद असली तरी द्यावीच लागते, ती मी सावधपणे धरली आहे. १,३८१ ला काम घ्या असं मी म्हणत नाही. कायम त्या भावाने घेतलं तर शेडचं भाडं कोण देणार? पण २,०५० साठी हट्ट धरताना काय पणाला लागतंय ते या आकड्यातून कळतं.

नवा दर मात्र मी बदलतोय, आणि इथे माझंही थोडं चुकलं होतं. ८,४०० तास जास्तच धाडसाने धरले. २०२३-२४ लाही ७,९८० च भरले होते. दोन वर्षं तेच होत असेल तर कामाची तूट ही आपली नेहमीची स्थिती आहे, अपघात नाही. गेल्या वर्षीच्या पुस्तकात ती तोटा म्हणून जाईल, कारण आधी ठरवलेला आकडा मागाहून बदलून जुन्या जॉबांचे नफे फिरवायचे नसतात. २०२५-२६ साठी ओव्हरहेड १७,०६,४०० (वीज १२,००० आणि सुपरवायझरची वाढ १४,४०० धरून, बेअरिंग न धरता) आणि तास ७,९००. दर २१६.

त्या दराने एका शाफ्टची कॉस्ट साधारण १,७७० पडते. १,९४० मागा, साडेआठ-नऊ टक्के राहतील. कारखान्याचा परचेसवाला घासाघीस करणारच, तेव्हा १,८५० पर्यंत या, त्याखाली मला फोन करा. हार्डनिंगवाल्याने ८५ चे ९० केले तर ते त्यात धरलेलं नाही.

एक अडचण उरते. जॉब कार्डावर सेटिंगची वेळ आणि चालण्याची वेळ एकत्रच लिहिलेली आहे. लेथचे ४४ तास मी टर्नरला विचारून पक्के केले, मिलिंगचे १६ अंदाजे आहेत. ६० नगांना सेटिंग एकदाच लागेल, म्हणून १,७७० हा आकडा खरंतर थोडा वरच असेल, पण किती ते कार्डावरून सांगता येत नाही. कार्डावर सेटिंगचा वेगळा रकाना मी आखून दिलाय, कोऱ्या गठ्ठ्यातले पहिले पन्नास टेबलाच्या डाव्या कप्प्यात आहेत.