दहावी ‘ब’च्या गणिताच्या रिकाम्या जाणाऱ्या तासिकांबाबत मुख्याध्यापिकांना पत्र

दिनांक : 23 सप्टेंबर 2024
कराड

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग

विषय : इयत्ता दहावी ‘ब’चे गणित विषयशिक्षक वारंवार अनुपस्थित असणे व त्यांच्या तासिकांना योग्य पर्यायी अध्यापन न मिळणे.

महोदया,
सादर नमस्कार.

माझी मुलगी आपल्या विद्यालयात मराठी माध्यमातून इयत्ता दहावी ‘ब’ मध्ये शिकते. पाचवीपासून ती याच शाळेत आहे आणि या काळात शाळेविषयी लेखी तक्रार करण्याची वेळ आमच्यावर कधी आलेली नाही. आजचे हे पत्रही कोणा एका शिक्षकाविरुद्धची तक्रार म्हणून वाचले जाऊ नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. गणिताचे सर वर्गावर असतात तेव्हा मुलांना उत्तम शिकवतात, न समजलेले उदाहरण दुसऱ्या रीतीने मांडून दाखवतात, आणि मुलांचा त्यांच्यावर विश्वास आहे. माझी चिंता आहे ती सर वर्गावर नसताना त्या तासिकेत काय होते याची.

शाळा 15 जूनला सुरू झाल्यानंतर पहिले काही आठवडे गणिताचे तास सुरळीत झाले. जुलैच्या मध्यापासून मात्र सरांच्या अनुपस्थितीचे प्रमाण वाढत गेले. सरांकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम असल्याने मतदारयादीच्या पुनरीक्षणासाठी त्यांना बाहेर जावे लागले, आणि त्यानंतर त्यांनी वैद्यकीय रजा घेतली, असे मुलांकडून समजले. मुलगी रोज झालेल्या तासिका वहीत टिपून ठेवते. त्या नोंदीप्रमाणे ऑगस्ट महिन्यात वेळापत्रकानुसार गणिताच्या 27 तासिका होत्या आणि त्यांतील 16 तासिकांना सर नव्हते. या 16 पैकी केवळ दोन तासिकांना गणित शिकवू शकणारे शिक्षक वर्गावर आले. सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवाच्या सुट्टीमुळे कामाचे दिवस आधीच कमी होते, आणि उरलेल्या दिवसांतही हेच चालू राहिले. या आकड्यांत एखाद-दुसऱ्या तासिकेचा फरक असू शकेल. शाळेच्या बदली तासिकांच्या नोंदवहीशी ते पडताळून पाहावेत आणि चूक आढळल्यास मला अवश्य सांगावे.

सरांची रजा किंवा निवडणुकीचे काम यांविषयी माझा आक्षेप नाही. आजारपण कोणालाही येते, आणि रजा हा शिक्षकांचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई असली तरी दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवाद त्याच कलमात केलेला आहे. त्यामुळे सरांना हे काम नाकारता आले नसते आणि शाळेलाही ते टाळता आले नसते, हे मी जाणते. परंतु नेमक्या याच कारणाने मला असे वाटते की ही अनुपस्थिती अनपेक्षित नव्हती. कामाचा आदेश आला त्या दिवशीच पुढील काही आठवडे दहावीच्या एका तुकडीला गणिताचे शिक्षक नियमितपणे मिळणार नाहीत, हे कार्यालयाला ठाऊक होते. एका दिवसाच्या रजेसाठी जी तात्पुरती सोय चालते तीच सहा-सात आठवडे चालवणे योग्य नाही, आणि दहावीच्या वर्गाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

या तासिकांना आजवर जी सोय झाली ती मुलांच्या तोंडून ऐकली तेव्हा मला फार वाईट वाटले. ज्या शिक्षकांना त्या वेळी तास नसेल ते वर्गावर येतात. बहुतेक वेळा चित्रकलेचे किंवा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात. ते मुलांना शांत बसवतात, कधी आपल्या विषयाची अपुरी वही पूर्ण करायला सांगतात, कधी भूमितीचे प्रमेय पुस्तकातून उतरवून काढायला सांगतात. त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्यांच्या हाती ना त्या दिवसाचे टाचण असते ना सोडवून घेण्यासाठी एखादा सरावसंच. काही वेळा ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही तुकड्या एकाच वर्गात बसवल्या जातात. एका बाकावर चार-चार मुले बसल्यावर कंपास उघडून आकृती काढायलाही जागा उरत नाही. आणि काही तासिका पूर्णपणे वर्गप्रमुखाच्या भरवशावर जातात. पंधरा वर्षांच्या मुलीने आपल्याच वर्गमित्रांची नावे फळ्यावर लिहीत उभे राहायचे, यात त्या मुलीचे नुकसान आहे आणि वर्गाचेही.

प्रमेय उतरवून काढण्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. समरूपतेच्या प्रकरणातील प्रमाणाचे मूलभूत प्रमेय मुलीच्या वहीत स्वच्छ अक्षरात आहे : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सारे काही. पण रचनेत ते दोन रेषाखंड का काढले, आणि दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर अचानक कुठून आले, हे तिला सांगता आले नाही. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे त्यांच्या पायांच्या प्रमाणात असतात, एवढा एक धागा कोणी फळ्यावर आकृती काढून दाखवला असता तर ते प्रमेय तिला पाठ करावे लागले नसते. तिच्या दोन मैत्रिणींनाही मी विचारले आणि त्यांचीही हीच अवस्था आहे. पुढे कोनदुभाजकाचे प्रमेय, वर्तुळातील आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका हे सारे याच पायावर उभे राहते. भाषेचा एखादा धडा मुले घरी वाचून काही अंशी समजून घेऊ शकतात. भूमितीचे तसे होत नाही.

शाळेने जूनमध्ये पालकांना दाखवलेल्या वार्षिक नियोजनानुसार प्रथम सत्रात भूमितीचे वर्तुळ हे प्रकरण आणि बीजगणितात अंकगणित श्रेढी पूर्ण व्हायला हवी होती. प्रत्यक्षात आज भूमिती पायथागोरसच्या प्रमेयापाशी आणि बीजगणित वर्गसमीकरणांच्या मध्यावर थांबले आहे. प्रथम सत्र परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे. राज्य मंडळाने जाहीर केलेल्या संभाव्य वेळापत्रकानुसार दहावीची लेखी परीक्षा यंदा मार्चऐवजी 21 फेब्रुवारी 2025 पासून सुरू होणार आहे, म्हणजे मुलांच्या हातचे आठवडे आणखी कमी झाले आहेत. बीजगणित व भूमितीच्या प्रत्येकी 40 गुणांच्या लेखी परीक्षेखेरीज 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापनही आहे. वर्गात न शिकवलेल्या भागावर दिलेला आणि कोणी न तपासलेला गृहपाठ त्या मूल्यमापनात कसा धरला जाणार, हेही पालकांना कळले पाहिजे.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेतली जावी. वर्गातील काही मुले खासगी क्लासला जातात आणि त्यांचा हा भाग तिथे होऊन गेला आहे. त्यामुळे चाचणीचे सरासरी गुण पाहिले तर वर्गाचे फारसे बिघडलेले नाही असे वाटू शकेल. पण आसपासच्या गावांतून एस.टी.ने येणारी मुले संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून शाळा सुटताच निघतात. त्यांना क्लास लावणे वेळेच्या दृष्टीने जमत नाही आणि अनेकांना खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही. या मुलांना गणित शिकवणारी जागा शाळा हीच आहे. त्यांचे पालक शेतीच्या वा मजुरीच्या कामातून वेळ काढून कार्यालयात येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांचेही म्हणणे मी या पत्रात मांडत आहे.

पुढील दोन महिने अधिक कठीण असतील असे मला दिसते. विधानसभेची मुदत 26 नोव्हेंबरला संपत असल्याने निवडणूक त्याआधीच होईल, आणि शिक्षकांना प्रशिक्षण व मतदानाच्या कामासाठी पुन्हा जावे लागेल. मध्येच दिवाळीची सुट्टी आहे. म्हणून सर परत रुजू झाले की सारे मार्गी लागेल, असे गृहीत धरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काय करता येईल याविषयी मला जे सुचते ते सांगते. अंतिम निर्णय अर्थातच आपला आहे. सर्वांत आधी, नववीला गणित शिकवणाऱ्या शिक्षिकांच्या वेळापत्रकात थोडा बदल करून आठवड्यातील निदान भूमितीच्या तासिका सर उपलब्ध होईपर्यंत त्यांच्याकडे द्याव्यात. ते शक्य नसेल तर संस्थेची परवानगी घेऊन तासिका तत्त्वावर एखाद्या निवृत्त गणित शिक्षकांना बोलवावे. मानधनाची अडचण असल्यास तो विषय पालक-शिक्षक संघाच्या सभेत ठेवावा. यातून मार्ग काढण्यास अनेक पालक तयार होतील, मात्र ज्यांना झेपणार नाही त्यांच्यावर त्याचा भार पडू नये. ज्या दिवशी गणिताचे कोणीच उपलब्ध नसेल त्या दिवशी विज्ञानाच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकांनी तो तास आपल्या विषयासाठी घ्यावा आणि पुढे आपला एक तास गणिताला परत द्यावा. निदान तासिका वाया जाणार नाही. सर आधी ठरलेल्या कामासाठी जात असतील तर त्या दिवसांसाठी सोडवलेले एक नमुना उदाहरण आणि सरावसंचातील ठरावीक प्रश्न बदली शिक्षकांकडे देऊन जावेत, आणि ती उत्तरे नंतर तपासली जावीत.

आजवर बुडालेला भाग भरून काढण्यासाठी जादा तासिका घ्याव्या लागतील. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर किंवा रोज शून्य तासाला ठेवल्या तर एस.टी.च्या वेळा पाहून ठेवाव्यात, नाही तर ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुले गैरहजर राहतील. प्रथम सत्राच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्यक्ष शिकवून झालेलाच भाग असावा आणि तो भाग कोणता, हे मुलांना लेखी कळवावे. मुलांवर आधीच बरेच दडपण आहे. माझी मुलगी रात्री पुस्तक उघडून बसते आणि न समजल्याने रडू लागते, आणि मला स्वतःला दहावीची भूमिती आता शिकवता येत नाही.

यापुढे तीन दिवसांपेक्षा अधिक काळ कोणतेही विषयशिक्षक उपलब्ध नसतील, तर त्या विषयाचे अध्यापन कोण करणार हे वर्गाच्या सूचनाफलकावर लिहिले जावे, अशीही माझी विनंती आहे. तेवढे कळले तरी पालकांना शंका घेऊन कार्यालयात यावे लागणार नाही.

या विषयावर प्रत्यक्ष बोलण्यासाठी आपण मला आणि ‘ब’ तुकडीच्या आणखी दोन-तीन पालकांना याच आठवड्यात वेळ द्यावी. शुक्रवार, 27 सप्टेंबर रोजी दुपारनंतर आम्ही सर्व जण येऊ शकतो. आपणास दुसरी वेळ सोयीची असल्यास मुलीच्या दैनंदिनीत तसे लिहून पाठवावे. गणिताचे सर त्या दिवशी उपस्थित राहू शकले तर आम्हाला आनंदच वाटेल, कारण मुलांचे नेमके कुठे अडते आहे हे त्यांच्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही. बुडालेल्या भागाचे तारखांसह नियोजन त्या भेटीत पाहायला मिळावे, एवढी अपेक्षा आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
इयत्ता दहावी ‘ब’, हजेरी क्रमांक 31 या विद्यार्थिनीची आई

सोबत : ऑगस्ट व सप्टेंबरमधील गणिताच्या तासिकांची मुलीच्या वहीतील नोंद (छायाप्रत)
प्रत माहितीसाठी : पर्यवेक्षक, माध्यमिक विभाग, उपाध्यक्ष, पालक-शिक्षक संघ