सदामामांची मांडणी

कोअर शॉपच्या मागच्या भिंतीला, वाळूच्या लाल बादल्यांशेजारी, लोखंडी अँगलची एक मांडणी आहे. ऑडिटला आलेले पाहुणे आधी तिला भंगार समजतात आणि "हे इथे का ठेवलंय?" असं विचारतात. चार कप्प्यांत करवतीने मधोमध कापलेली कास्टिंगं ओळीने ठेवलेली आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइल पेंटने कारण लिहिलं आहे: वाळू ओली, रायझर आखूड, कोअर सरकला, रस थंड. आपल्या फाउंड्रीत सगळ्यांत जास्त शिकवलं गेलं ते या मांडणीसमोर उभं राहून, आणि ती उभी केली सदामामांनी.

सदाशिव चौगुले, मेल्टिंगचे सीनियर फोरमन, तीन महिन्यांच्या आजारानंतर 9 फेब्रुवारीला आपल्यातून गेले. वय 54. आयटीआयचा मोल्डरचा कोर्स करून 1991 मध्ये ते मदतनीस म्हणून लागले. वडणगेहून सायकलवर शिरोलीला यायचे. पुढे मोटरसायकल आली, तरी डबा मात्र हँडललाच अडकवलेला. हजेरीपटावर ते चौगुले होते, बाकी सगळ्यांचे मामा. मालकांपासून कॅन्टीनच्या पोरापर्यंत.

मांडणीतला पहिला तुकडा त्यांचाच आहे, 1998 चा. पंपाचं केसिंग. वरून बघाल तर दोष सापडणार नाही. कापलेल्या बाजूला मात्र सालीखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, जशी जाळीदार आंबोळीला असतात. लॅडलचं नवं अस्तर पुरतं वाळलं नव्हतं, ओल रसात गेली आणि वायू आतच अडकला. असली भोकं ओतताना दिसत नाहीत, फेटलिंगलाही दिसत नाहीत. गिऱ्हाइकाच्या मशिनवर टूल फिरलं की उघडी पडतात. म्हणजे ओतायचा खर्च गेला, मशिनिंगचा गेला, आणि शब्दही गेला. त्या तुकड्यावर मामांनी लिहिलंय: "स. चौगुले. ओला लॅडल. घाई."

हे त्यांनी का केलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. तेव्हा कुपोला होता. खराब माल रात्री परत कुपोल्यात टाकला की सकाळी पुरावा नाही. सगळेच टाकायचे. मामा म्हणायचे, "मीबी टाकलंय. एकदा न्हाई, धा वेळा. माल वितळला, पर चूक तशीच ऱ्हायली की. दुसऱ्या महिन्यात तीच चूक दुसऱ्यानं केली." पंपाचा लॉट परत आला तेव्हा त्यांनी एक नग बाजूला काढला, कापला आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवला. त्या काळात फोरमनसमोर असं करणं सोपं नव्हतं. त्यांचा एक दिवसाचा पगार कापला गेला, हेही ते हसत सांगायचे.

मांडणीचा नियम एकच होता. तुकड्यावर कारण लिहायचं, नाव नाही. नाव घालायचं तर ज्याचं त्याने, स्वतःच्या हाताने. पहिली काही वर्षं स. चौगुले हे एकच नाव होतं. आज 43 तुकड्यांपैकी 17 वर नावं आहेत. कुणावर सक्ती झाली नाही. तिसऱ्या कप्प्यातला डावीकडून दुसरा तुकडा माझा आहे, त्याची हकीकत इथे सांगायला हवी.

2011 साल. मी कॉलेजातून नुकतीच ट्रेनी म्हणून आले होते. एस. जी. आयर्नचा लॅडल मॅग्नेशियमची प्रक्रिया होऊन तयार होता आणि क्रेन मध्येच अडली. मॅग्नेशियमचा असर मिनिटामिनिटाला उतरत जातो. दहा मिनिटांच्या आत ओतून व्हायला हवं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. क्रेन सुटेपर्यंत चौदा मिनिटं झाली होती. मामा दुसऱ्या भट्टीवर होते. त्या रसाचे पिग ओतून टाकायला हवे होते, पण साचे मांडलेले, डिस्पॅच दुसऱ्या दिवशीचा, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी "ओता" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइटचे गोळे गोल राहिले नव्हते, वेडेवाकडे झाले होते. नऊ नग बाद. मी रिपोर्टात कारण लिहिलं: क्रेन बंद.

मामांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला. "क्रेन बंद पडली हे खरं हाय, मॅडम. पर क्रेननं वतलं का?"

एवढंच. आवाज चढवला नाही, वर सांगितलं नाही. त्या संध्याकाळी हॅकसॉवर तुकडा कापताना त्यांनी दुसरी बाजू धरली होती. पेंटचा ब्रश मात्र माझ्या हातात दिला आणि चहाला निघून गेले.

नव्या माणसाला शिकवायची त्यांची रीतही अशीच, स्वतः मागे सरकून. हीट तयार झाली की वेज ओतायचा, गार करून हातोडीने मोडायचा आणि टोकाला पांढरा पट्टा किती आलाय ते बघायचं. पांढरं जास्त म्हणजे लोखंड कडक, पातळ भागात टूल तुटणार. मामांना हे कळायला एक नजर पुरायची. तरी ते मोडलेला वेज नव्या पोराच्या हातात द्यायचे आणि भिंतीकडे बघत उभे राहायचे. "आधी तू बघ. मी बोललो की तू बघायचं थांबवणार." भट्टीवर रस धरलेला असताना असं थांबायला किती धीर लागतो, ते मेल्टिंगवाल्यांना सांगायला नको. आज तिन्ही शिफ्टमध्ये वेज वाचणारे मिळून अकरा जण आहेत. एकेकाळी एकच होते आणि ते रजेवर गेले की काम अडायचं. ही गोष्ट त्यांनाच सगळ्यांत जास्त खटकायची.

2004 मध्ये कुपोला जाऊन इंडक्शन भट्टी आली, तेव्हा ते खूश नव्हते. बटणावरच्या भट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. पण पहिल्या वर्षीच त्यांनी एक गोष्ट पकडली, जी तापमापकावर आणि स्पेक्ट्रोवर दिसत नव्हती. दोन्ही आकडे बरोबर असायचे आणि तरी दुपारी दीडनंतरच्या मालात पातळ फासळ्या कडक निघायच्या. मामांनी आठवडाभर तासातासाला वेज मोडले. जेवणाच्या सुट्टीत रस भट्टीत तापवून धरला जात होता आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेजमध्ये पांढरं वाढलेलं होतं. "तापवून ठेवलेला रस म्हातारा होतो," हे त्यांचं वाक्य. धातुशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ग्रॅफाइट जिथून वाढायला सुरुवात होते ती केंद्रं रस जास्त वेळ तापत राहिला की नाहीशी होत जातात. आज आपण टप्प्याटप्प्याने जेवायला जातो आणि भट्टी रिकामी करूनच सुट्टी होते. नवीन लोकांना वाटतं ही कॅन्टीनची सोय आहे.

भंगाराच्या ट्रॉलीवरचा त्यांचा पहारा अनेकांना जाच वाटायचा, हे मान्य करू या. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, गाडीचा जुना शॉक अॅबसॉर्बर, पावसात भिजलेला बर म्हणजे टर्निंग, यातलं काही वितळलेल्या रसात गेलं तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस भट्टीबाहेर उडतो. मामा ट्रॉली उलटी करून हाताने चाळायला लावायचे, जून ते सप्टेंबर तर दोनदा. हेल्पर कुरकुरायचे. एकदा एका शिफ्टला अशाच चाळणीत बंद तोंडाचा सिलिंडर सापडला. मामांनी तो फेकून दिला नाही. ट्रॉलीच्या रस्त्यावर साखळीने टांगून ठेवला. अजून तिथेच लटकतोय, डोक्याला लागतो म्हणून सगळे वाकून जातात.

ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, वाहतूक बंद झाली आणि अर्ध्याहून जास्त माणसं कामावर पोचू शकली नाहीत. मामा आदल्या रात्री आले ते सहा दिवस इथेच राहिले. त्या दिवसांबद्दल त्यांना विचारलं की ते फक्त पिठलं किती पातळ झालं होतं एवढंच सांगायचे. भट्टीच्या कूलिंगचा डिझेल पंप रात्री दर दोन तासांनी कोण तपासत होतं, ते सिक्युरिटीच्या वहीत आहे.

ते हट्टी होते. मोल्डिंग शॉपशी वाळूच्या ओलीवरून त्यांची भांडणं कोअर शॉपपर्यंत ऐकू यायची. मूठभर वाळू दाबून, मोडून ते ओल सांगायचे आणि लॅबचा आकडा वेगळा आला की लॅबवर उखडायचे. एका पावसाळ्यात महिनाभर त्यांनी स्पेक्ट्रोला खोटं ठरवलं. शेवटी चूक त्यांचीच निघाली. दुसऱ्या दिवशी लॅबच्या तिघांना त्यांनी स्वतःच्या खिशातून मिसळ खाऊ घातली आणि "मशीन शहाणं हाय, मी न्हाई" असं सगळ्यांसमोर म्हणाले. कंप्युटरला मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही. त्यांच्या हीट लॉगची एंट्री दुसरंच कुणीतरी करायचं, आणि त्यांचं अक्षर लागायला त्या माणसाला सहा महिने लागायचे.

खंडेनवमीला आपण भट्टीला, लेथला, काट्याला हार घालतो. एका वर्षी पोरांनी मांडणीलाही झेंडूचा हार घातला. मामांनी तो काढून भट्टीला घातला आणि फडकं आणून दिलं. "हार नको. धूळ पुसा, अक्षरं दिसूदेत."

आजारपणात त्यांना भेटायला गेलेल्यांना त्यांनी तब्येतीचं फार बोलू दिलं नाही. नवं अस्तर लावलेली दोन नंबरची भट्टी कशी चाललीय, हेच विचारायचे. वहिनींनी त्यांच्या खिशातल्या 21 डायऱ्या आपल्याकडे दिल्या आहेत. त्यात हीट नंबर, वेजच्या पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या आणि कुठल्या महिन्यात वाळू कशी वागली याच्या नोंदी आहेत. लॅबमध्ये त्या उतरवून घ्यायचं काम सुरू झालंय. ज्यांना मामांचं अक्षर लागतं, त्यांनी दुपारच्या शिफ्टनंतर अर्धा तास द्यावा. वहिनी आणि दोन्ही मुली यांच्या दुःखात आपण सगळे सहभागी आहोत. मोठी लेक डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या शिक्षणासाठी कर्मचारी निधीतून करायच्या मदतीचा निर्णय युनियन आणि व्यवस्थापन यांनी मिळून घेतला आहे.

मामा गेल्यानंतरच्या सोमवारी रात्रपाळीत ब्रेक ड्रमचे तीन नग बाद झाले, कोल्ड शट. सकाळी मी आले तेव्हा चौथ्या कप्प्यात एक नवा तुकडा होता, कापाच्या कडा अजून चकचकीत, पेंट ओला. चार महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराने त्यावर कारण लिहिलं होतं आणि खाली स्वतःचं नाव. "ळ" उलटा झालाय. पेंटचा डबा तळाला गेला होता, स्टोअर्सला नव्याची मागणी दिली आहे.

— मेल्टिंग विभागप्रमुख