‘सडा अभ्यास मंडळ’ सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत

दि. १६ जून २०२५

प्रति,
मा. प्राचार्य महोदय यांस
(विद्यार्थी विकास विभागामार्फत)

विषय: महाविद्यालयात ‘सडा अभ्यास मंडळ’ सुरू करण्यास परवानगी व निधी मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे विद्यार्थी वनस्पतीशास्त्र, इतिहास आणि वाणिज्य शाखेचे आहोत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांचा वर्षभर, पद्धतशीर अभ्यास करणारे एक मंडळ महाविद्यालयात असावे, असा आमचा प्रस्ताव आहे.

सड्याला आपल्याकडे कातळ म्हणतात आणि बहुतेक वेळा पडीक धरतात. एप्रिलमध्ये पाहिले तर ते पटतेही. काळा पडलेला जांभा, करपलेले गवत, पाण्याचा थेंब नाही. पण जून उजाडला की तिथेच दीपकाडी फुलते, आणि ही वनस्पती कोकणातल्या कातळाखेरीज इतरत्र आढळत नाही. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद यांनी सडा निळा-पांढरा होतो. त्याच कातळात कोरलेली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली. त्या यादीतल्या कातळशिल्पांच्या नऊ ठिकाणांपैकी सात आपल्या जिल्ह्यातली आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आमच्यापैकी बरेच जण याच वाटेवरच्या वाड्यांतून रोज एसटीने कॉलेजला येतात. तरीही आमच्या वर्गात विचारले, तर कशेळीचा हत्ती प्रत्यक्ष पाहिलेले हात मोजकेच वर येतात.

यादीतल्या जागांकडे आता लोकांचे लक्ष आहे. आम्हाला काळजी आहे ती यादीत नसलेल्या सड्यांची. चिरेखाण, नवा रस्ता, आंब्या-काजूच्या कलमांसाठी सुरुंग लावून फोडलेला कातळ यांत काय गेले हे कळायला आधी तिथे काय होते याची नोंद हवी. ती नोंद करणे हेच मंडळाचे मुख्य काम. चिरेखाणीवर आमच्यातल्या काहींच्या घरची चूल पेटते, त्यामुळे खाणीविरुद्ध मोहीम काढण्याचा आमचा इरादा नाही. बारसूचे नाव घेतले की रिफायनरीचा विषय निघतोच, म्हणून हेही आधीच लिहून देतो: मंडळाच्या नावाने कोणीही कोणत्याही बाजूच्या सभेला जाणार नाही की पत्रक काढणार नाही.

काम कसे चालेल ते थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी महाविद्यालयाच्या जवळचे दोन सडे निवडून त्यांचा नकाशा करायचा. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला तिथे काय फुलले, पाणी कुठे साचले, कोणते डबके कधी आटले हे रजिस्टरमध्ये लिहायचे. कातळशिल्प आढळले तर मोजमाप, दिशा आणि छायाचित्र. चित्र उठून दिसावे म्हणून रेषांत खडू किंवा रंग भरायची सवय सर्रास दिसते. आम्ही ती अजिबात लावून घेणार नाही. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तिरपा प्रकाश पडतो, तेव्हा उथळ खाचेतही सावली धरते आणि फोटो नीट येतो. त्यासाठी फक्त वेळ पाळावी लागते. देवाचे गोठणे येथे चित्राजवळ होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखवते, म्हणून भौतिकशास्त्राचे विद्यार्थीही या सहलीसाठी उत्सुक आहेत.

बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत. जमीनमालक आणि ग्रामपंचायत यांची परवानगी घेतल्याशिवाय आम्ही पाऊल टाकणार नाही. गावात चित्राला देवस्थान मानत असतील तर चपला बाहेर राहतील. नव्या जागेचे लोकेशन सोशल मीडियावर टाकायचे नाही, रील करायची नाही, हा नियम मोडणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधला. तिथल्या ग्रामस्थांशी बोलण्यासाठी पहिल्या सत्रात एक भेट ठेवली आहे, कारण जपणूक शेवटी गावच करते.

‘हे राष्ट्रीय सेवा योजनेतून का करत नाही?’ असा प्रश्न आपण विचाराल. आम्ही तसे विचारून पाहिले. योजनेचे निवासी शिबिर हिवाळ्यात होते आणि तोवर सड्यावरचे सगळे वाळून गेलेले असते.

मार्गदर्शक म्हणून वनस्पतीशास्त्र विभागाच्या प्रा. तांबे मॅडम यांनी लेखी संमती दिली आहे. कातळशिल्पांच्या नोंदींसाठी इतिहास विभागाचे प्रा. सुर्वे सर साहाय्य करतील. मॅडमनी संमती देताना अटी घातल्या, त्या जशाच्या तशा मांडतो. विजा चमकत असतील तर सहल रद्द, कारण उघड्या सड्यावर आडोसा नसतो. पावसाळ्यात दुपारी एकच्या आत परत निघायचे. शेवाळलेल्या कातळावर स्लीपर चालणार नाही. पालकांचे संमतीपत्र नसेल तर एसटीत बसायचे नाही. शेवटची अट आम्हाला जरा झोंबली, पण मान्य आहे: नोंदवही दर सोमवारी त्यांच्या टेबलावर आली नाही, तर पुढची सहल नाही.

वर्षाचा अंदाजित खर्च पुढीलप्रमाणे (रुपयांत):

मोजण्याची फीत, ३० मीटर, दोन नग: ९००
होकायंत्रे, तीन नग: १,०५०
नायलॉन दोरी व छायाचित्रांसाठी मापपट्ट्या: ६००
मऊ ब्रश व केरसुण्या: ५००
प्रथमोपचार पेटी: १,२००
रजिस्टर व पाणी न शिरणारी फोल्डरे: ७५०
चार सहलींचा एसटी प्रवास (अंशतः): ४,०००
गावातील वाटाड्यांचे मानधन, चार वेळा प्रत्येकी ५००: २,०००
नकाशे व वर्षअखेरच्या प्रदर्शनाची छपाई: ३,०००
एकूण: १४,०००

यातील २,००० रुपये आम्ही ४० सभासदांकडून प्रत्येकी ५० रुपये वर्गणीने उभे करू. उरलेले १२,००० रुपये विद्यार्थी निधीतून मिळावेत, ही विनंती. प्रवासखर्च कमी दिसतो, कारण पासाच्या मार्गावरच्या जागा आधी निवडल्या आहेत आणि मुलींना एसटीत निम्मे तिकीट आहे. वाटाड्याचे मानधन मात्र कमी करू नये. गावातला माणूस अख्खी सकाळ आपल्यासोबत घालवतो, त्याला नुसता चहा पाजून परत येणे बरे दिसत नाही. टी-शर्ट, बॅनर आणि उद्घाटनाचा समारंभ यांचा खर्च मुद्दामच धरलेला नाही. कॉलेजातली काही मंडळे नारळ फुटला त्याच दिवशी संपली, हे आपणही पाहिले आहे.

हिशेबाची वही वाणिज्य शाखेचा सभासद ठेवेल, पावत्या दर सत्राअखेर कार्यालयात जमा होतील. वस्तू महाविद्यालयाच्या मालकीच्या राहतील आणि वनस्पतीशास्त्र प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवल्या जातील. ऑक्टोबरअखेर नोंदी समाधानकारक नसतील तर दुसऱ्या सत्राचा निधी रोखावा, आमची हरकत नाही.

दीपकाडीचा बहर फार दिवस टिकत नाही. त्यामुळे पूर्ण निधीला वेळ लागणार असेल, तरी निदान परवानगी आणि पहिल्या सहलीपुरते २,५०० रुपये जूनअखेरपर्यंत मिळावेत. आपण वेळ द्याल तेव्हा मॅडमसह आम्ही भेटीस येऊ.

आपले विश्वासू,

श्रावणी मांडवकर, तृतीय वर्ष विज्ञान
ओंकार घाणेकर, द्वितीय वर्ष कला
सानिया मुकादम, द्वितीय वर्ष वाणिज्य

सोबत: प्रा. तांबे मॅडम यांचे संमतीपत्र, इच्छुक ४० विद्यार्थ्यांची सह्यांसह यादी, पालक संमतीपत्राचा नमुना.