नमुना उत्तर : पक्वता सिद्धान्त आणि मानवी गरजांचा सिद्धान्त

प्रश्न : संघर्ष निराकरणाच्या कोणत्याही दोन सिद्धान्तांची सोदाहरण तुलना करा. दीर्घकाळ चाललेल्या संघर्षात त्यांपैकी कोणता अधिक उपयुक्त ठरतो, ते सकारण लिहा. (२० गुण)

भूमिका

विल्यम झार्टमन यांचा पक्वता सिद्धान्त आणि जॉन बर्टन यांचा मानवी गरजांचा सिद्धान्त यांची येथे तुलना केली आहे. पहिला तडजोड केव्हा होते ते सांगतो, तर दुसरा तडजोडीत काय असले तर ती टिकते ते सांगतो. त्यामुळे दोघे एकमेकांचे सरळ प्रतिस्पर्धी नाहीत. तरीही समझोता टिकवण्याच्या प्रश्नावर बर्टन यांचे पारडे जड आहे, असे या उत्तराचे प्रतिपादन आहे.

(समास : बाजू पहिल्याच परिच्छेदात घेतली. पुढचे प्रत्येक उदाहरण या विधानाशी जोडायचे.)

पक्वता सिद्धान्त

झार्टमन यांच्या मते, जिंकता येत नाही आणि लढत राहणेही परवडत नाही, अशी दोन्ही बाजूंना पोळणारी कोंडी निर्माण झाली की वाटाघाटींची वेळ येते. ही कोंडी दोन्ही पक्षांना स्वतःला जाणवली पाहिजे. बाहेरच्या निरीक्षकाला ती दिसून भागत नाही. शिवाय चर्चेतून वाट निघू शकेल, अशी थोडी तरी आशा लागते.

एल साल्वादोरचे उदाहरण येथे चपखल बसते. नोव्हेंबर १९८९ मध्ये बंडखोरांनी राजधानी सान साल्वादोरवर मोठा हल्ला चढवला. शहर त्यांच्या हाती लागले नाही, पण लष्करालाही त्यांचा नायनाट करता येत नाही हे उघड झाले. शीतयुद्ध ओसरत असल्याने बाहेरून मिळणाऱ्या मदतीचा भरवसाही उरला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने जानेवारी १९९२ मध्ये चापुल्तेपेक करार झाला.

मानवी गरजांचा सिद्धान्त

पैसा, भूभाग, पदे यांची वाटणी होऊ शकते. ओळख, सुरक्षितता आणि मान्यता या गरजांवर मात्र माणसे सौदा करत नाहीत, असे बर्टन म्हणतात. म्हणूनच ते वाटाघाटींनी मिटणारा वाद आणि खोलवर रुजलेला संघर्ष यांत फरक करतात. मात्र या गरजा वाटून घ्याव्या लागत नाहीत : एकाला मान्यता मिळाली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. गरजा उघड बोलता याव्यात म्हणून बर्टन यांनी अनौपचारिक कार्यशाळांची पद्धत मांडली. १९६५ मध्ये लंडनला इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर येथील प्रतिनिधींना त्यांनी असे एकत्र बसवले होते.

तुलना : उत्तर आयर्लंड

(समास : येथे सर्वाधिक जागा द्यायची. दोन सिद्धान्तांना दोन वेगळी उदाहरणे दिली की ती नुसती वर्णने होतात; एकच उदाहरण दोघांना लावले की तुलना होते.)

डिसेंबर १९७३ च्या सनिंगडेल करारात सत्तावाटप होते, आयर्लंड प्रजासत्ताकाशी संस्थात्मक दुवाही होता. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या युनियनवादी कामगारांच्या संपापुढे मे १९७४ मध्ये ती व्यवस्था कोसळली. एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारात हेच दोन घटक पुन्हा आले आणि या वेळी दोन्ही आयर्लंडमधील जनतेने सार्वमतात त्याला कौल दिला. आराखडा बराचसा तोच असताना निकाल वेगळा का लागला?

झार्टमन यांचे उत्तर असे : १९७४ मध्ये दोन्ही टोकांच्या गटांना अजून जिंकण्याची आशा होती. १९९० च्या दशकापर्यंत ती मावळली. हे स्पष्टीकरण पटते, पण अपुरे आहे. १९९८ च्या करारात माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही मानण्याचा हक्क मान्य झाला, तसेच बहुसंख्यांच्या संमतीशिवाय प्रदेशाचा दर्जा बदलणार नाही असे ठरले. पहिल्या तरतुदीने ओळखीची गरज भागली, दुसरीने युनियनवाद्यांची सुरक्षिततेची भीती कमी केली. नुसती थकलेली माणसे शस्त्रे खाली ठेवतील. ती पुन्हा न उचलण्याचे कारण या तरतुदींनी दिले.

मर्यादा

पक्वता बहुधा घटना घडून गेल्यावरच ओळखू येते : करार झाला तर वेळ आली होती, नाही झाला तर आली नव्हती. हा वर्तुळाकार युक्तिवाद आहे. झार्टमन मात्र पक्वतेला आवश्यक अट म्हणतात, पुरेशी अट नव्हे. एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. बर्टन गरजा सार्वत्रिक मानतात आणि संस्कृतीचा प्रभाव कमी लेखतात. नेते चर्चेला बसतीलच का, यावरही त्यांच्याकडे ठोस उत्तर नाही.

निर्णय

१९९३ च्या ऑस्लो कराराने इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांना एका टेबलावर आणले. दोघांनी एकमेकांना मान्यताही दिली. पण जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे प्रश्न पुढे ढकलले गेले, म्हणजे ओळख आणि सुरक्षितता यांच्याशी सर्वाधिक जोडलेलेच विषय मागे राहिले. २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला. वाटाघाटींना वेळ साधली होती, मजकूर अपुरा होता. म्हणून मध्यस्थाने चर्चा कधी सुरू करायची हे झार्टमन यांच्या कसोटीवर ठरवावे, पण कराराचा मसुदा बर्टन यांच्या कसोटीवर तपासावा. दीर्घ संघर्षात ही दुसरी तपासणी वगळणे अधिक महागात पडते.