नवीन डॉक्टरांना सांगा

दवाखाना एक वाजता बंद होणार होता, आणि आज बंद झाला की पुन्हा उघडणार नव्हता. साडेअकरा वाजले तरी डॉक्टरांच्या पॅडवर 'सप्रेम नमस्कार' याखाली अक्षर उमटलं नव्हतं.

"लिहा की चार ओळी," मावशी म्हणाल्या. केसपेपर काढून देणं, नंबर पुकारणं, रडणाऱ्या पोराला धरणं ही सगळी कामं त्या इतकी वर्षं करत आल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरांवर आवाज चढवायचा हक्क त्यांना आपोआप मिळाला होता. "प्रत्येकाच्या फाइलीत एकेक झेरॉक्स घालायचीय मला. एकच्या आत."

"काय लिहू? आभार?"

"आभार माना, नाहीतर रागवा. पण लिहा."

डॉक्टरांना रागावणं जास्त जमायचं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

*सप्रेम नमस्कार,*

*आज दवाखान्याचा शेवटचा दिवस. माझं वय ७६ झालं. इंजेक्शन देताना हात थरथरायला लागला तर ते तुमच्याआधी मला कळायला हवं, आणि ते मला कळलं आहे. एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधत बसू नका.*

*मी सुरुवात केली तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून वापरायचो. तुमच्यातल्या ज्येष्ठांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं, म्हणून तुमच्या मुलांच्या दंडावर तो नाही. वय लपवणाऱ्यांचं वय मी दंड बघून ओळखायचो, हे आज सांगायला हरकत नाही.*

*आता मुद्द्याचं. तुम्ही दारातून खुर्चीपर्यंत येता तेवढ्या वेळात माझी निम्मी तपासणी झालेली असायची. कोणाला चार पावलांत धाप लागली, कोणाची चप्पल एका पायात घट्ट बसतेय, कोण बायकोला बोलू देत नाहीये. 'नेहमीचंच' एवढं तुम्ही म्हणायचात आणि मी लिहायचो. नवीन डॉक्टरांपुढे 'नेहमीचंच' म्हणू नका. त्यांना तुमचं नेहमीचं माहीत नाही. त्यांनी प्रश्न विचारले तर 'जुने डॉक्टर नाडी बघून सांगायचे' असं ऐकवू नका. नाडी बघून सगळं कळत नसतं. मला तुमचा इतिहास पाठ होता, बोटं नुसती मनगटावर असायची.*

*म्हणून पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, पाकिटांसकट. शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा. गुडघेदुखीसाठी परस्पर घेता ती गोळीही, कारण तिचा त्रास किडनीला होऊ शकतो आणि बीपीही वाढू शकतं. कोणत्या औषधानं अंगावर पित्त उठलं होतं ते सांगा. वडिलांना किंवा भावाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर ते विचारायची वाट बघू नका.*

*बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणून ते नॉर्मल आहे. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. सर्दी विषाणूंची असते, त्यांच्यावर ते औषध चालत नाही. नवीन डॉक्टरांनी दिलं नाही तर ते चांगले डॉक्टर आहेत असं समजा. आणि शुगरवाल्यांनो, तपासणीआधी चार दिवस गोड सोडून मला फसवायचात, ते तीन महिन्यांची साखर दाखवणाऱ्या तपासणीला चालत नाही. मलाही चालत नव्हतं. मी बोलायचो नाही, इतकंच.*

इथे ते थांबले. पुढे काहीतरी प्रेमाचं लिहायला हवं होतं. 'आपण मला कुटुंबातला मानलंत' असं लिहून त्यांनी लगेच खोडलं. ते वाक्य निवृत्तीच्या कोणत्याही कार्यक्रमात चाललं असतं.

"नाना आलेत," मावशींनी दारातून सांगितलं. "नंबर नाही, सहज आलोय म्हणतात."

नाना डॉक्टरांपेक्षा दोन-तीन वर्षांनीच लहान. बीपीचे सर्वांत जुने पेशंट आणि सर्वांत शिस्तीचे. त्यांचा केसपेपर डॉक्टर शिकाऊ मुलांना दाखवायचे. दर महिन्याला १३०, ८०. कधी १२८, ८०. घरी मोजलेले आकडे मात्र अधूनमधून १६० च्या वर जायचे, तेव्हा डॉक्टर नानांच्या घरच्या मशिनला दोष द्यायचे.

"बसा. हे वाचा, कसं झालंय सांगा."

नानांनी चष्मा पुसला आणि ओठ हलवत वाचलं. मग कागद टेबलावर ठेवून खुर्ची थोडी मागे घेतली.

"तालीम करू का?"

"कसली?"

"नवीन डॉक्टरांची. तुम्ही ते व्हा. मला ओळखत नाही तुम्ही."

डॉक्टरांना हसू आलं. पण त्यांनी चेहरा कोरा केला आणि खाली बघत विचारलं, "काय होतंय?"

"बीपी आहे. बरीच वर्षं झाली. दोन गोळ्या चालू आहेत. सकाळची रोज घेतो." नाना घुटमळले. "दुसरी लघवीची आहे. ती नाही घेत."

"घेत नाही म्हणजे?"

"बाहेर जायचं असलं की नाही घेत. सारखं जावं लागतं हो, लोकांत बरं नाही दिसत. आणि बाहेर तर मी रोजच जातो." त्यांनी चष्मा काढला. "जुन्या डॉक्टरांकडे तपासायला जायच्या आधी आठवडाभर मात्र न चुकता घ्यायचो. घरीच बसायचो. ते केसपेपर बघून खूश व्हायचे. मग कसं सांगायचं?"

मावशी दारात होत्या. त्या हातातल्या फायली मोजत असल्यासारखं करत राहिल्या.

डॉक्टरांनी तो केसपेपर मागवला. आकड्यांची सरळ रांग त्यांनी वरपासून खालपर्यंत बोटानं पाहिली. मग काही न बोलता पट्टा नानांच्या दंडाला गुंडाळला, रबरी फुगा दाबला, स्टेथोस्कोप कोपराच्या खाचेत धरला आणि हवा हळूहळू सोडली. एकदा झाल्यावर पाच मिनिटं थांबून पुन्हा.

"१६८, ९६."

"या आठवड्यात घेतलीच नाही," नाना म्हणाले. "आज तपासणार नव्हतात ना तुम्ही."

डॉक्टरांनी तो आकडा तारखेसह लिहिला. त्याच्या शेजारी, नवीन डॉक्टरांना वाचता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं काढत, 'लघवीची गोळी अनियमित, कारण बाहेर जाणं. दुसरा पर्याय बघावा' असं लिहिलं.

"पर्याय असतो?" नानांनी विचारलं.

"असतो. वेळ बदलता येते, कधी औषधच बदलता येतं. पण आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. याच आठवड्यात त्यांच्याकडे जा." डॉक्टरांनी टोपण लावलं, परत काढलं. "मला विचारलं असतंत तर मीही सांगितलं असतं."

"रागावला असतात."

"रागावलो असतो, मग सांगितलं असतं."

त्यांनी पत्र पुढ्यात ओढलं. खोडलेल्या ओळीखाली थोडीच जागा उरली होती.

*मला जे कधी सांगितलं नाहीत, ते त्यांना आधी सांगा. मी रागावेन म्हणून लपवलं असेल तर आता मी नाही.*

*तुमचा,*
*डॉक्टर*

"घ्या," त्यांनी कागद मावशींकडे दिला. "झेरॉक्स काढा."

"पाऊण वाजलाय," मावशी म्हणाल्या. "बाहेर सहा जण बसलेत. सगळे सहजच आलेत."

डॉक्टर पुन्हा नानांकडे वळले. चेहरा कोरा करायला या वेळी जरा जास्त वेळ लागला.

"बरं. आणखी काय काय सांगायचं राहिलंय जुन्या डॉक्टरांना?"

नानांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "गुडघ्याची गोळी," ते म्हणाले. "तुम्ही आता लिहिलीत ना, तीच."