वर्कशॉपमधल्या वेल्डिंगसाठी परमिट: घ्यायचं कसं, बंद करायचं कसं

वेल्डिंग बूथमधल्या रोजच्या कामाला परमिट लागत नाही. बूथच्या बाहेर आर्क, गॅस कटिंग किंवा ग्राइंडिंग काहीही असलं तरी परमिट लागणारच, "दोनच टाके मारायचेत" असलं तरी. बहुतेक वेळा आग त्या दोन टाक्यांनीच लागते, कारण तयारी कोणीच करत नाही.

परमिट मागायचं काम जॉब करणाऱ्या वेल्डरचं. जागा, जॉब, कुठलं मशीन आणि किती वेळ लागेल हे फॉर्मवर लिहून शिफ्ट सुपरवायझरकडे द्या. सुपरवायझरने टेबलावर बसून सही करायची नाही, वेल्डरला घेऊन जागेवर जायचं. 11 मीटरच्या आत थिनर, ऑइलच्या चिंध्या, पुठ्ठे, लाकूड काहीही नको, हलवता येत नसेल तर फायर ब्लँकेटने झाका. भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही बघा, पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते आणि पेंट स्टोअर नेमकं तिकडेच आहे. जमिनीतल्या फटी, केबल ट्रेंच झाका, ठिणगी घरंगळत कुठे जाईल सांगता येत नाही.

गॅस असेल तर सिलेंडर उभे, साखळीने बांधलेले, फ्लॅशबॅक अरेस्टर लावलेले, होजची गळती साबणाच्या पाण्याने तपासायची. ऑक्सिजनच्या फिटिंगला तेल-ग्रीसचा हात लावू नका. आर्क असेल तर अर्थ क्लॅम्प जॉबलाच लावा, लांबच्या पाइपला नाही. डिग्रीझरने धुतलेला पार्ट पूर्ण सुकल्याशिवाय आर्क मारायचा नाही, काही सॉल्व्हंटच्या वाफेपासून आर्कमुळे विषारी गॅस होतो. रिकामा ड्रम किंवा टाकी असेल तर सुपरवायझरची सही चालणार नाही, आतून साफ करून गॅस टेस्ट झाल्यावर सेफ्टी ऑफिसरच परमिट देईल. आणि मशीनवरच वेल्डिंग असेल तर मेंटेनन्सवाल्याने आधी सप्लाय बंद करून लॉक-टॅग लावायचा, त्याचा नंबर परमिटवर.

फायर वॉचर हवाच, एक्स्टिंग्विशर हातात, आणि त्याला दुसरं काम द्यायचं नाही, "जरा पकड रे" सुद्धा नाही.

परमिट एकाच शिफ्टसाठी. मूळ कॉपी जॉबजवळ लटकवा, दुसरी सुपरवायझरकडे. शिफ्ट बदलली, जागा बदलली किंवा अलार्म वाजला तर परमिट रद्द, नव्याने घ्या.

आता क्लोजर, इथेच सगळे घाई करतात. काम संपलं की वेल्डरने मशीन बंद करायचं, सिलेंडरचे व्हॉल्व्ह बंद करून होजमधलं प्रेशर काढायचं, रॉडचे तुकडे डब्यात टाकायचे, गरम जॉबवर खडूने "गरम" लिहायचं आणि वेळ टाकून सही करायची. त्यानंतर फायर वॉचर पूर्ण 60 मिनिटं तिथेच थांबणार, चहाची सुट्टी आली तर बदली माणूस आल्यावरच निघायचं. तासानंतर ब्लँकेटखाली, भिंतीपलीकडे, ट्रेंचमध्ये बघून तो सही करेल. मग सुपरवायझर स्वतः जागा बघून परमिट बंद करेल, आणि लॉक-टॅग ज्याने लावला तोच काढेल. दोन्ही कॉप्या परमिट फाइलला लावा.