कॅनव्हास पिशव्यांच्या दराबाबत

नमस्कार साहेब,

परवाचा इंग्रजी मेसेज जरा कोरडा वाटला असेल, म्हणून तेच मराठीत लिहितो.

नमुना पिशवी मिळाली. शिलाई पक्की आहे, बंदाला आडवे-उभे टाके दिलेत ते आवडलं. अडचण दराचीच आहे. तुमचा दर ६२ रुपये नग; आम्हाला १,५०० नगांना ५६ रुपये, जीएसटी वेगळा, एवढंच परवडतं.

कापड हलकं करून दर उतरवू नका, १० औंसच हवं. त्याऐवजी तळाचा गसेट काढा, कापड आणि शिलाई दोन्ही वाचेल. छपाई एकाच रंगाची, एकाच बाजूला. स्क्रीन एकदाच बनवायची आहे, तेव्हा तिचा खर्च १,५०० नगांवर वाटला जाईल.

आमच्याकडून उधारी नाही. ८४,००० पैकी ४२,००० ऑर्डरसोबत, उरलेले माल तपासून त्याच दिवशी. जीएसटी शेवटच्या बिलात. टेम्पोभाडं आमच्याकडे.

५६ च्या वर जाता येणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जमत असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नवं कोटेशन पाठवा. नसेल जमत तरी निःसंकोच कळवा, राग नाही. शनिवारी दुसरीकडे ऑर्डर द्यावी लागेल.

धन्यवाद.